३१ शीर्षकं आणि एक ईमेल

मावशीनं फोनवर वेबसाइटचं नावही काढलं नाही. ती म्हणाली, "अगं, पार्सलं कमी झाल्यात बघ. कुरिअरचा पोरगा रोज यायचा, आता दिवसाआड येतोय."

मावशीचा कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. संकेश्वरी, बेडगी, लवंगी अशा मिरच्या निवडण्यापासून डंकावर कांडून आणण्यापर्यंत सगळं तिच्या नजरेखाली चालतं. निम्म्याहून जास्त माल वेबसाइटवरून जातो, पुण्या-मुंबईला आणि बेंगळुरूला. ही वेबसाइट एक एजन्सी मासिक शुल्कावर सांभाळते. जुलै २०२४ चा त्यांचा अहवाल उघडला तर त्यात आनंदीआनंद होता. भेट देणाऱ्यांची संख्या वाढलेली, शेजारी हिरवा बाण. पार्सलं मात्र कमी.

हा विरोध कुठून आला ते शोधायला फार वेळ लागला नाही. त्या महिन्यात एजन्सीनं जाहिरातींचा खर्च वाढवला होता. जाहिरातीवर बोट लागून आलेली माणसं आणि गूगलवर स्वतः शोधत आलेली माणसं अहवालात एकाच बेरजेत घातली होती. पहिली वाढली, म्हणून दुसरी घटलेली दिसली नाही. शोधत येणारा माणूस मसाला घ्यायलाच आलेला असतो. जाहिरातीवरून आलेल्यांपैकी बरेच जण नुसते डोकावून जातात.

मी मावशीच्या साइटवर तिच्या सगळ्यात खपाच्या मालाचं पान उघडलं आणि संगणकावर `Ctrl+U` दाबलं. असं केलं की पानामागचा मजकूर दिसतो. त्यात `<title>` नावाची एक ओळ असते. ती पानावर कुठेही छापलेली नसते, पण ब्राउझरच्या टॅबवर दिसते आणि गूगलच्या निकालात ज्या निळ्या ओळीवर आपण बोट ठेवतो ती बहुतेक वेळा हीच असते. दुकानाच्या पाटीसारखंच तिचं काम. मावशीच्या पानाची पाटी बदललेली होती.

```
आधी: Kanda Lasun Masala - कोल्हापुरी चटणी | 500 g, 1 kg
नंतर: Premium Organic Masala Online | Best Price
```

एकूण ४६ पानांपैकी ३१ पानांवर हीच दुसरी ओळ होती, शब्दही न बदलता. गोडा मसाला, मटण मसाला, तिखट, सगळ्यांची पाटी एक. मावशीला कुणी विचारलं नव्हतं.

जुनी ओळ मावशीनं आणि मी मिळून चार वर्षांपूर्वी ठरवली होती आणि तिच्यातला प्रत्येक शब्द मोजून घेतला होता. पुण्यातली माणसं ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात त्याला कोल्हापूरकर चटणी म्हणतात. बाहेरगावी गेलेला कोल्हापूरकर मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मसाला टाइप करतो, पण घरच्या आठवणीनं शोधायला लागला की चटणीच लिहितो. म्हणून दोन्ही नावं हवी होती. वजन का? कारण अर्धा किलो शोधणारा चव बघायला घेतो आणि एक किलो शोधणारा सहा महिन्यांचं भरून ठेवतो. दोघांनाही आपलं माप मिळणार हे क्लिक करण्याआधीच कळावं. नव्या ओळीत कांदा नाही, लसूण नाही, कोल्हापूर नाही, चटणी नाही, वजनही नाही.

जे नाही त्याहून वाईट होतं ते जे आलं. `Organic`. मावशी मिरची ओळखीच्या शेतकऱ्यांकडून आणि बाजार समितीतून घेते. माल चोख असतो, पण सेंद्रिय प्रमाणपत्र कशालाच नाही. आपल्याकडे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे सेंद्रिय अन्नाबाबतचे नियम २०१७ सालचे आहेत. माल सेंद्रिय म्हणून विकायचा तर ठरावीक प्रमाणन लागतं, थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना काही सूट सोडली तर. मावशी स्वतः पिकवत नाही, त्यामुळे ती सूट तिच्या कामाची नाही. म्हणजे महिनाभर तिच्या नावावर एक दावा जगाला दिसत होता, जो तिनं कधीच केला नव्हता. हे कळल्यावर ती जितकी दुखावली तितकी पार्सलं कमी झाल्यावरही नव्हती.

तिला लगेच फोन करून बोलायचं होतं. मी थांबवलं, कारण रागाच्या फोनला उत्तर ठरलेलं असतं: गूगलचं काहीतरी अपडेट आलं असेल, पावसाळ्यात मागणी कमीच असते, बघतो. ही उत्तरं खोटीच असतात असं नाही. कधीकधी ती खरी असतात. म्हणून आधी आपणच त्यांची तपासणी करायची आणि मगच लिहायचं.

तपासणीचं साधन गूगल सर्च कन्सोल. ते फुकट आहे आणि त्यात मागच्या सोळा महिन्यांचा हिशेब असतो: तुमचं पान शोधनिकालात किती वेळा दिसलं, किती वेळा त्यावर क्लिक झालं आणि सरासरी कितव्या क्रमांकावर होतं. अनेक लहान व्यावसायिकांकडे त्याचा प्रवेशच नसतो. एजन्सीच मालक बनून बसते आणि यांना महिन्याकाठी एक रंगीत पीडीएफ मिळते. मावशीचा प्रवेश मी सुरुवातीलाच तिच्या नावावर करून घेतला होता आणि एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून जोडलं होतं. तेच आता उपयोगी पडलं.

बदल ९ जुलैला झाला हे एजन्सीच्याच कामाच्या नोंदीत होतं. 'मेटा सुधारणा' एवढेच शब्द. म्हणून ११ जून ते ८ जुलै हे चार आठवडे एका बाजूला आणि ९ जुलै ते ५ ऑगस्ट हे चार आठवडे दुसऱ्या बाजूला ठेवले. पूर्ण आठवडे घ्यायचे, म्हणजे दोन्हीकडे रविवार सारखेच येतात. बदललेल्या ३१ पानांवरचे क्लिक २,४८० वरून १,१९० वर आले होते. निम्म्याहून जास्त घट. न बदललेल्या १५ पानांवर, ती पाककृतींची पानं आहेत, ९४० चे ९१० झाले होते. एकच साइट, एकच गूगल, एकच पावसाळा, आणि घट फक्त जिथे हात लागला तिथे. पाककृती वाचणारा आणि मसाला विकत घेणारा सारखा नसतो, त्यामुळे हा पुरावा एकटा पुरेसा नाही. म्हणून मागच्या वर्षीचे तेच आठवडे काढले. २०२३ मध्ये त्याच ३१ पानांवर २,०५० चे १,९६० झाले होते. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला भरून झाला की एवढी ओसर पडतेच. मोसमाच्या खात्यात टाकायची तर शेकडा चार-पाच टाकता येईल, बावन्न नाही.

गूगल आपल्या मोठ्या बदलांच्या तारखा स्वतःच जाहीर करतं. त्या वर्षी जूनमधला स्पॅमविरोधी बदल २० तारखेला सुरू होऊन २७ ला संपला होता, म्हणजे आमच्या आधीच्या काळात. त्यानंतरचा मोठा बदल ऑगस्टच्या मध्यावर आला. घसरणीच्या चार आठवड्यांत गूगलनं जाहीर केलेला असा कोणताही मोठा बदल नव्हता.

आता घसरण कशी झाली हेही आकडेच सांगतात. पानं आधी ६२,००० वेळा निकालात दिसली होती, नंतर ५१,००० वेळा. आधी शंभरात चार जण क्लिक करत होते. तेच प्रमाण राहिलं असतं तर ५१,००० वर २,०४० क्लिक आले असते. आले १,१९०. म्हणजे कमी दिसल्यामुळे सुमारे ४४० क्लिक गेले आणि दिसूनही लोकांनी बोट न ठेवल्यामुळे सुमारे ८५०. ही विभागणी ढोबळ आहे, कारण सरासरी क्रमांकही ६.८ वरून ८.१ वर घसरला होता आणि खाली गेलेल्या पानावर क्लिक कमी होतातच. तरी मोठं नुकसान कुठे झालं ते स्पष्ट होतं. लोकांना पाटी दिसत होती, पण ती त्यांना आपली वाटत नव्हती.

ऑर्डरींचा आकडा आम्ही पुराव्यात घेतला नाही. मावशीचा आग्रह होता, कारण तोट्याचे पैसे ऑर्डरींतच होते. पण त्या जुलैच्या शेवटी पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली होती, रस्ते बंद होते, कुरिअर अडकलं होतं. काही ऑर्डरी त्यामुळेही गेल्या असतील. पुरामुळे पार्सल अडतं. मुंबईतल्या माणसाचं शोधनिकालातलं बोट अडत नाही. म्हणून क्लिक धरले आणि ऑर्डरी बाजूला ठेवल्या. एक जरी आकडा वाद घालण्याजोगा असला तर सगळी चर्चा त्याच्याभोवतीच फिरत राहते.

जुनी शीर्षकं परत कशी आणायची, हा पुढचा प्रश्न होता. साइट वर्डप्रेसवर आहे. वर्डप्रेस पानाच्या मजकुराच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवतं, पण ही शीर्षकं मजकुरात नसतात. ती योस्ट नावाच्या जोडणीच्या `_yoast_wpseo_title` या रकान्यात असतात आणि तिथे नवं लिहिलं की जुनं पुसलं जातं. जुनी फक्त डेटाबेसच्या बॅकअपमध्ये उरतात. मावशीची होस्टिंग कंपनी रोजचा बॅकअप ३५ दिवस ठेवते. बदलाच्या आदल्या दिवसाचा, म्हणजे ८ जुलैचा बॅकअप १२ ऑगस्टला पुसला जाणार होता. आम्ही हे सगळं करत होतो ती तारीख ८ ऑगस्ट.

एजन्सीला नुसतं "आधीसारखं करा" म्हटलं असतं तर सोपा मार्ग म्हणजे ८ जुलैचा आख्खा बॅकअप साइटवर चढवणं. तसं झालं असतं तर महिन्याभराच्या सगळ्या ऑर्डरी, ग्राहकांचे पत्ते, साठ्याचे आकडे, सगळं पुसलं गेलं असतं, कारण तेही त्याच डेटाबेसात असतं. ३१ शीर्षकांसाठी महिन्याचं खातं जाळण्यासारखं. म्हणून काय करायचं याइतकंच काय करायचं नाही हेही ईमेलमध्ये लिहिणं भाग होतं. लिहिण्याआधी सर्च कन्सोलमधले आकडे उतरवून घेतले, ३१ पानांच्या आजच्या शीर्षकांची यादी केली, गूगलच्या निकालाची छायाचित्रं घेतली आणि ८ जुलैचा बॅकअप होस्टिंगकडून स्वतःकडे उतरवून ठेवला. एकदा शीर्षकं परत बदलली की आज काय दिसत होतं हे पुन्हा दाखवता येत नाही.

मग हा ईमेल लिहिला. विषयाच्या ओळीतच काम आणि तारखा घातल्या.

विषय: ३१ पानांची शीर्षकं ११ ऑगस्टपर्यंत पूर्ववत करणे आणि १८ ऑगस्टपर्यंत लेखी अहवाल

नमस्कार,

९ जुलै २०२४ रोजी आपण आमच्या वेबसाइटवरील ३१ पानांची शीर्षकं बदललीत. आपल्या कामाच्या नोंदीत 'मेटा सुधारणा' असा उल्लेख आहे. या बदलाला मी मंजुरी दिलेली नाही आणि माझ्याकडे ती मागितल्याचा ईमेल किंवा संदेश मला सापडला नाही. आपल्याकडे असल्यास कृपया त्याची प्रत पाठवा. पानांची यादी, प्रत्येकाचं जुनं आणि नवं शीर्षक सोबतच्या तक्त्यात आहे.

बदलानंतरच्या चार आठवड्यांत या ३१ पानांवर गूगल शोधातून येणारे क्लिक २,४८० वरून १,१९० झाले. न बदललेल्या १५ पानांवर ते ९४० वरून ९१० झाले. मागील वर्षी याच आठवड्यांत याच ३१ पानांवर २,०५० वरून १,९६० झाले होते. सर्च कन्सोलमधून उतरवलेले आकडे सोबत आहेत. घट केवळ शीर्षकांमुळेच झाली असा माझा अंतिम दावा नाही. दुसरं कारण असल्यास ते आपण आकड्यांसह दाखवावं.

नव्या शीर्षकांत 'ऑरगॅनिक' हा शब्द आहे. आमच्या कोणत्याही मालाला सेंद्रिय प्रमाणपत्र नाही. हा शब्द आजच, बाकीच्या कामाची वाट न पाहता, सर्व पानांवरून काढावा.

११ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत ३१ शीर्षकं सोबतच्या तक्त्यातील जुन्या शब्दांप्रमाणे अक्षरशः पूर्ववत करावीत. त्यांत सुधारणा करू नये. ८ जुलैचा संपूर्ण बॅकअप साइटवर चढवू नये, त्याने त्यानंतरच्या ऑर्डरी पुसल्या जातील. बदल संपादनाच्या पडद्यावरून करावेत आणि नंतर साइटची कॅशे रिकामी करावी. तक्त्यात दिलेल्या पहिल्या पाच पानांसाठी सर्च कन्सोलमधून फेरतपासणीची विनंती करावी. तोपर्यंत साइटवर दुसरा कोणताही बदल करू नये.

१८ ऑगस्टपर्यंत लेखी अहवाल हवा आहे. त्यात हे असावं: बदल कोणी, केव्हा आणि कशाच्या साहाय्याने केला, तो का सुचला, तो करण्यापूर्वी कोणते आकडे पाहिले, त्याच काळात वर्णनं, मथळे, पत्ते किंवा पुनर्निर्देशनं यांत आणखी काही बदललं का, आणि जुलैच्या अहवालात शोधातून आलेले व जाहिरातीतून आलेले ग्राहक वेगळे का दाखवले नाहीत.

नुकसानीबाबत अहवाल वाचल्यावर बोलू. त्याबाबतचे माझे हक्क मी राखून ठेवत आहे. हा ईमेल मिळाल्याचं आज कळवावं.

त्यातलं एक वाक्य मावशीला पटत नव्हतं. घट केवळ शीर्षकांमुळे झाली असा दावा नाही, हे का लिहायचं? मी तिला म्हटलं, आपल्याकडे जेवढा पुरावा आहे तेवढंच लिहायचं. कारण दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर जाते ती त्याच वाक्यानं. नुसता आरोप केला असता तर त्यांनी नुसता नकार दिला असता.

नुकसानभरपाईचा आकडा पहिल्याच पत्रात टाकायचा नाही हे मी हट्टानं पाळलं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली करारभंगामुळे स्वाभाविकपणे झालेलं नुकसान मागता येतं, दूरचं आणि आडवळणाचं नाही. किती ऑर्डरी शीर्षकांमुळे गेल्या आणि किती पुरामुळे हे सांगता येत नसताना आकडा लिहिला असता तर शीर्षकं परत येणंच त्या वादात अडकलं असतं. आधी पाटी जागेवर यायला हवी होती. ईमेलमध्ये लिहिलेल्या तारखा मात्र पुढे कामाला येतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता देतो. फोनवरच्या बोलण्याची अशी नोंद मागे राहत नाही.

एजन्सीनं त्याच दिवशी 'ऑरगॅनिक' काढलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, फार सौजन्याचा. त्यांचा एक मुद्दा विचारात घेण्याजोगा होता. गूगल तरी शीर्षक जसंच्या तसं कुठे दाखवतं? ते स्वतःच बदलतं. अर्धं खरं होतं. ऑगस्ट २०२१ पासून गूगलनं निकालातली ओळ ठरवण्याची पद्धत बदलली आहे. त्यानंतरच्या महिन्यात गूगलनंच सांगितलं की पानाचं स्वतःचं शीर्षक सुमारे ८७ टक्के वेळा वापरलं जातं. उरलेल्या वेळी बदलायचं एक कारण तेच सांगतात: अनेक पानांवर एकच साचेबंद शीर्षक असणं. आमच्या ३१ पानांवर नेमकं तेच झालं होतं.

१० ऑगस्टला शीर्षकं परत आली. मी प्रत्येक पान उघडून `Ctrl+U` दाबून पाहिलं. २९ बरोबर होती. दोन पानांवर जुनी ओळ दिसत नव्हती. कुणीतरी वेळ वाचवायला थेट डेटाबेसात लिहिलं होतं. योस्ट आपली एक वेगळी सूची ठेवतं आणि तिच्यात नवा शब्द तसाच राहिला होता. ती पानं पुन्हा पडद्यावरून जतन करायला सांगितली, मग झाली.

अहवाल १९ तारखेला आला, एक दिवस उशिरा. नव्यानं रुजू झालेल्या एका मुलीनं योस्टच्या सामूहिक संपादकातून ३१ रकाने एकाच वेळी भरले होते. दुसऱ्या एका ग्राहकासाठी बनवलेली ओळ होती ती. मंजुरी मागायची पद्धत कागदावर होती, पण 'मेटा' या नावाखाली केलेल्या कामांना ती लागू होते असं तिथे कुणाला वाटत नव्हतं. वर्णनंही बदलली होती, १२ पानांवर. ते आम्हाला त्या अहवालातूनच कळलं. आमच्या तक्त्यात ते नव्हतं. ती वर्णनंही त्याच बॅकअपमधून परत आणली, आमच्याकडे उतरवून ठेवलेल्या. होस्टिंगकडचा तोवर पुसला गेला होता.

शीर्षकं परत आली म्हणून गूगलवर लगेच परत दिसत नाहीत. गूगलला पान पुन्हा वाचावं लागतं. त्याला काही दिवस लागतात, कमी फिरकणाऱ्या पानांना काही आठवडे. कांदा-लसूण मसाल्याचं पान तिसऱ्या दिवशी जुन्या पाटीसह दिसलं, फोडणीच्या मिरचीचं १६ दिवसांनी.

१८ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या चार आठवड्यांत ३१ पानांवर २,०१० क्लिक आले. शंभरात जवळजवळ चार जण पुन्हा क्लिक करू लागले होते. सरासरी क्रमांक मात्र ७.४ वर अडला, ६.८ ला पोचला नाही. मधल्या काळात १५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर गूगलचा मोठा बदल चालू होता. त्यामुळे राहिलेली तूट आमच्या शीर्षकांची की त्या बदलाची हे वेगळं काढता येत नाही. एजन्सीनं दोन महिन्यांचं शुल्क सोडलं. मावशीनं ते मान्य केलं आणि त्यांच्याशी करार चालू ठेवला, एका जोडपत्रासह. आता शीर्षक, वर्णन किंवा पत्ता बदलायचा तर एका तक्त्यात जुना शब्द, नवा शब्द आणि कारण लिहून येतं आणि मावशी शेजारच्या रकान्यात होय किंवा नाही लिहिते. सप्टेंबरच्या तक्त्यात सहा ओळी होत्या. तिनं चारला होय लिहिलं. एकीत 'झणझणीत' काढून 'स्पायसी' घालायचं होतं, तिच्यापुढे नाही. आणि गोड्या मसाल्याच्या ओळीपुढे तिनं प्रश्न विचारला आहे, दगडफूल हा शब्द शोधून किती जण येतात ते आधी सांगा. उत्तर यायचं आहे.